रक्षाच्या मायचा रंग

सेलूच्या बाजारात सदाशिवरावांचं मॅचिंग सेंटर होतं. तिथे ब्लाउज पीस घ्यायला जाताना साडी सोबत न्यायची गरज नसे. बाई नुसती म्हणायची, "भाऊजी, त्या बारशाला नेसली होती ना मी, ते." सदाशिवराव मागे वळूनही न बघता हात मागच्या थप्पीत घालत आणि बरोबर तोच पीस ओढून काउंटरवर टाकत. आमसुली म्हणजे आमसुलीच, अंजिरी नव्हे. नुसत्या हिरव्याचे त्यांच्याकडे एकोणीस प्रकार होते आणि प्रत्येकाला नाव होतं. बाईचा चेहरा त्यांच्या ध्यानात राहत नसे, पदर राही. एकदा तर सख्ख्या चुलतबहिणीला त्यांनी "कोण गाव तुमचं, बाई?" असं विचारलं होतं आणि त्याच दमात तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या साडीच्या काठाचा रंग सांगितला होता.

त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना, ह्या नजरेचा अभिमान होता. थोडी कुरकुरही होती, पण ती त्यांनी कधी कुणापुढे मांडली नाही. अख्ख्या तालुक्यातल्या बायकांच्या अंगावरचं ओळखणारा हा माणूस घरातल्या बाईकडे पाहताना डोळे दुकानातच ठेवून येई. नवी साडी नेसून समोर चहा ठेवला तर तो म्हणायचा, "साखर कमी हाय."

अर्थात त्यात सगळा दोष त्याचाच होता असंही नाही. सुलोचनाबाई ह्या घरात आल्या त्याच मुळी दुसऱ्याच्या जागेवर. पहिली त्यांची सख्खी मोठी बहीण, भागीरथा. ती काविळीनं गेली तेव्हा पोरगी रक्षा तीन वर्षांची होती. परकी बाई पोरीला सांभाळेल न सांभाळेल, म्हणून वडीलधाऱ्यांनी बहिणींच्या माहेरी, समुद्रपूरला बसून ठरवलं, धाकटीला द्या. धाकटी तेव्हा वीस वर्षांची. तिला विचारलं होतं, नाही असं नाही, वडलांनी ओसरीवरून आत ओरडून विचारलं होतं, "चालते ना गं?" आणि आतून भांड्याचा आवाज आला, तो होकार धरला गेला.

सदाशिवराव भागीरथेला 'रक्षाची माय' म्हणून हाक मारत. सुलोचना आल्यावर त्यांनी तीच हाक पुढे चालू ठेवली. नवा पीस फाडायचा कशाला, जुना बसतो आहे तर, असा काहीसा हिशेब असावा. पुढे अंकित झाला, शिकला, पुण्यात नोकरीला लागला, तरी त्या 'अंकितची माय' झाल्या नाहीत. सुलोचना हे नाव फक्त रेशनकार्डावर आणि मतदारयादीत उरलं.

दोन हजार नऊच्या दिवाळीला रक्षा नागपूरहून माहेरी आली ती लॅपटॉप आणि डेटाकार्ड घेऊन. अंकितचं लग्न माघात ठरलं होतं आणि सगळ्यांच्या अंगात तयारी शिरली होती. रक्षा बैठकीतून ओरडली, "माय, लग्नात तू ते काळं पावडर लावू नको बाप्पा. बुटपॉलिश केल्यासारखे दिसतात तुह्ये केस. आजकाल ऑनलाइन क्रीमवाला डाय मिळते, पाह्यजे तो शेड. मी मागवतो."

त्या घरात बायकाही 'मी मागवतो'च म्हणत.

सुलोचनाबाई आत चकल्या तळत होत्या. "माह्ये काय लग्न हाय काय आता?" त्या म्हणाल्या, पण झारा जरा सावकाश फिरवू लागल्या.

बैठकीत रक्षा एकेक डबी पडद्यावर दाखवत होती. हा बरगंडी. हा चेस्टनट. ह्या शब्दांची सदाशिवरावांनी टिंगल केली. "हे काय नावं होत? सरळ वांगी म्हणा, खारकी म्हणा." मग ते एकदम पडद्याजवळ सरकले.

"थांब," ते म्हणाले. "मागं घे. हा. हा मागव. तुह्या मायचे केस अस्सेच होते."

"पक्कं, बाबा?"

"माह्यी नजर चुकते काय? उन्हात धरले का अस्सेच दिसत. डिक्टो."

चकली करपली. सुलोचनाबाईंनी ती बाजूला काढली आणि स्वतःच खाऊन टाकली. तीस वर्षांत ह्या माणसानं आपल्या केसांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आणि त्याच्या डोक्यात ते होते! उन्हातले, अगदी छटेसकट. म्हणजे पाहत होता. बोलत नव्हता एवढंच. त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि कोणी बोललं तर हसून घेतलं.

रक्षानं ऑर्डर केली, पैसे आपल्या कार्डावरून भरले आणि नाव टाकलं मायचं. आठवड्यानं कुरिअरवाला दारात येऊन म्हणाला, "सुलोचना कोण हाय? सही पाह्यजे." घरात क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग सुलोचनाबाई हात पुसत पुढे झाल्या.

रक्षा भाऊबीज झाली तरी मुक्काम ठोकून होती. तिनं मायच्या कानामागे थेंबभर रंग लावून दोन दिवस वाट पाहिली, खाज सुटते का म्हणून. डबीतल्या कागदावर तसं लिहिलं होतं. मग परसात पाटावर मायला बसवलं, जुना टॉवेल खांद्यावर टाकला, ट्यूब पिळली, बाटलीतलं दुसरं औषध मिसळलं आणि ब्रशानं बटा बटा करून लावलं. सुलोचनाबाईंचा चष्मा खिडकीत होता. डबी रक्षाच्या हाताशी. त्यांना डबी पाहायची गरजही वाटली नाही. ज्यानं निवडला तो चुकणारा नव्हता.

पाऊण तासानं केस धुतले, वाळवले, आणि त्या चष्मा लावून आरशासमोर उभ्या राहिल्या.

आरशात पन्नाशीची बाई होती, पण केस विसाव्या वर्षाचे होते. काळेच, पण पावडरीचा तो मेलेला काळा नव्हे. दाराकडून ऊन आलं तिथे भाजलेल्या तिळासारखी झाक मारणारे. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं तेल लावून घट्ट वेणी घातली होती तेव्हा होते ते. त्यांनी एक बट बोटावर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माय, पण हा—" रक्षा काही म्हणणार होती. मायचा चेहरा पाहून तिनं वाक्य गिळलं.

दुपारी सदाशिवराव जेवायला आले. सुलोचनाबाईंनी ताट वाढलं, पदर मुद्दाम खांद्यावरच राहू दिला, आणि दाराच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ह्या माणसापुढे अशी जागा धरली असेल.

सदाशिवरावांनी मान वर केली. घास हातातच राहिला.

"हे काय? हा तो रंग नाई."

"चांगला तं आला," त्या म्हणाल्या.

"चांगला गेला उडत! मी सांगितला तो नाई. रक्षे, डबी आण."

रक्षानं डबी आणली. सदाशिवरावांनी ती उष्ट्या हातानं लांब धरून सुलोचनाबाईंसमोर नाचवली. "हा पाह्य फोटू. आणि हा तुह्या डोक्याचा. काही मेळ हाय काय?"

सुलोचनाबाईंनी डबी पहिल्यांदा पाहिली. वरच्या चित्रातली पोरगी कुठली परदेशी होती, खांद्यावरून केस मोकळे सोडलेली. केस मक्याच्या कणसाच्या वाळल्या तुऱ्यासारखे, भुरे, टोकाला सोनेरी.

हे केस त्यांच्या ओळखीचे होते. ह्याच केसांच्या त्यांनी लहानपणी वेण्या घातल्या होत्या, रुसून ओढलेही होते. अख्खं समुद्रपूर त्या केसांवरून बहिणीला 'भुरी' म्हणत असे. पाणी भरायला गेली की लोक म्हणायचे, भुरी आली. आणि मागून येणारीला काही म्हणत नसत.

'तुह्या मायचे केस अस्सेच होते.' रक्षाच्या माया दोन, हे तीस वर्षं घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यामुळे वाक्य ज्याला जसं ऐकायचं तसं ऐकू आलं होतं.

सुलोचनाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "भात देऊ?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर चार दिवस सदाशिवरावांनी जो उत्साह दाखवला तो अंकितचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा दाखवला नव्हता. आयुष्यभर "हा रंग तो नाई" अशा बायकांच्या तक्रारी ऐकून घेतलेला माणूस. आता पहिल्यांदा काउंटरच्या पलीकडे उभा होता आणि त्याला ती बाजू फार आवडली. रक्षानं साइटवरच्या तक्रारीच्या पानावर त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: चित्रात एक रंग, केसांवर दुसरा. उत्तर आलं, तक्रारीचा नंबर आला, आणि सोबत एक नेहमीचा खुलासा आला, की मूळ केस किती काळे किंवा पांढरे आहेत त्यावर रंग बदलतो, चित्र फक्त अंदाजासाठी असतं.

"मले शिकवते!" सदाशिवराव म्हणाले. "कापडाचंही तेच असते. पण पांढऱ्यावर फिका लावला तं इतका गडद चढंन काय? पांढऱ्या मांजरपाटावर बदामी टाकला तं काळा निघते काय?"

मुद्दा बिनतोड होता. ते स्वतः डबी घेऊन उजेडात बसले, आणि त्यांनाच सापडलं. डबीच्या कडेला रंगाचा नंबर होता सहा पॉइंट तीन. आतल्या रिकाम्या ट्यूबच्या दुमडलेल्या टोकाला दाबून उमटवलेला नंबर होता तीन. डबी फिक्याची, ट्यूब गडदची. पॅकिंग करताना कुठेतरी अदलाबदल झालेली.

"पाह्यलं!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या मीराबाई कुंपणाजवळ आल्या. "थप्पी चुकली त्यायची. माणूस थप्पी चुकला का सगळं चुकते. आतलं एक, वरचं एक!"

सुलोचनाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एक काडी मोडली.

रक्षानं दोन्ही नंबरांचे फोटो मोबाइलवर काढून पाठवले. आता स्टोअरचा सूर बदलला. क्षमस्व, चूक आमची आहे, कुरिअरवाला येऊन डबी आणि ट्यूब परत नेईल आणि बदली माल येईल. फक्त ऑर्डर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी एकदा फोनवर बोलून खात्री केली जाईल.

"माय, तुले खुश व्हायला पाह्यजे," रक्षा म्हणाली. "काऊन अशी तोंड पाडून राह्यली?"

"मले कुठं काय?"

रक्षानं तिच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. तेहतीस वर्षांची बाई होती, अडाणी नव्हती. पण तिच्याजवळ आपल्या जन्मदात्या आईचा एकच फोटो होता, बैठकीतला, काळा-पांढरा, आणि तशा फोटोत सगळ्यांचेच केस काळे असतात.

फोन शनिवारी दुपारी आला. सदाशिवराव जेवायला घरी होते. त्यांनी झडप घालून मोबाइल उचलला आणि स्पीकर लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, कस्टमर केअरमधून जागृती बोलते आहे. सदाशिवरावांची हिंदी अर्ध्या वाक्यात वऱ्हाडी झाली, तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, मराठीत बोला ना. मी अकोल्याची."

मग काय! सदाशिवरावांनी गाठी सोडल्या. थप्पीची चूक कशी पकडली ते सांगितलं. मुलगी मध्येच म्हणाली, "काका, एक सांगून ठेवते. आता गडद रंग बसलाय त्यावर फिका चढणार नाही. पांढरं वाढून येईपर्यंत थांबावं लागेल, किंवा पार्लरमध्ये आधी रंग काढून घ्यावा लागेल."

"ते मले माहीत हाय. गडदावर फिका चढत नाई. थांबू आम्ही. लग्नाले तीन महिने हायेत, तितका वाढन तितका वाढन. नाईतर पार्लरात काढून घेईन ते. पण रंग तोच पाह्यजे."

"एवढा काय खास आहे, काका, त्या रंगात?" मुलगी सहज बोलली. शनिवार होता, तिलाही गप्पा हव्या असतील.

सदाशिवराव हसले. लाजल्यासारखे. असं हसणं त्या घरानं ऐकलं नव्हतं. "आता काय सांगू बेटा. मी पाह्याले गेलतो समुद्रपूरले, तं आधीच जाऊन पोहोचलो. तयारी कोणाचीच नाई. मिसेस अंगणात खाटंवर बसून केस सुकवत होती. पाठमोरी. सकाळचं ऊन. मी तं चेहरा पाह्यलाच नाई पहिले. केस पाह्यले, आणि तिथंच मनात होय म्हटलं. तो रंग काय विसरते माणूस?"

पलीकडे मुलगी "किती गोड!" म्हणाली.

रक्षा लॅपटॉपवरून हळूच वर पाहू लागली. सुलोचनाबाई दाराशी उभ्या होत्या, ओल्या हातांनी. त्या आल्या, आणि त्यांनी मोबाइल नवऱ्याच्या हातातून काढून घेतला. हिसकला नाही, ताट उचलतात तसा उचलला.

"बोल बाई. मी सुलोचना."

"नमस्कार काकू! तुमच्याच नावावर ऑर्डर आहे ना? मग बदली पाठवू?"

"नको पाठवू."

"काऊन?" सदाशिवराव म्हणाले.

"तक्रार मागं घेतो मी," सुलोचनाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "माह्या नावाची हाय ना? मले घेता येते ना?"

"हो, येते की. पण काकू, चूक आमची आहे, तुमचा हक्क आहे. मला कारण लिहावं लागतं. काय लिहू? रंग आवडला?"

सुलोचनाबाईंनी ओला हात पदराला पुसला.

"आवडला लिही. ट्यूबमधला रंग बरोबर होता, बाई. माह्ये केस असेच होते. फोटू दुसऱ्या बाईचा होता."

"म्हणजे डबीवरचा फोटो चुकीचा? आमच्याकडून?"

"नाई. तुमची काही चूक नाई त्यात."

मुलीनं बहुधा जे समजलं ते टाइप केलं. कीबोर्डचा आवाज आला. "तक्रार बंद केली, काकू. आणखी काही मदत हवी आहे का?"

"नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि कोणतं बटण दाबायचं ते न कळून मोबाइल रक्षाकडे दिला.

सदाशिवराव आधी चिडले. "डोकं फिरलं काय? जिंकलेली केस—" मग त्यांचा आवाज बारीक झाला. ते कुठेतरी मागे जाऊन पाहत होते, आणि त्यांची नजर, जशी होती तशी, चुकणारी नव्हती. अंगण आलं असेल, खाट, ऊन.

"त्या दिवशी मी होती तिथं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पंधरा वर्षांची. तुम्हाले पाणी आणून दिलं. तुम्ही गिलास घेतला आणि मागं तिच्याकडंच पाहत राह्यले. अर्धं पाणी धोतरावर सांडलं."

"रक्षाची माय..." ते म्हणाले, आणि थांबले. कारण ती हाकही आता कुणाला लागू होते ते सांगता येईना.

रक्षानं लॅपटॉप मिटला. ती उठली, टेबलावरची डबी हातात घेतली, आणि चित्रावरच्या केसांवरून अंगठा फिरवला. सावकाश, वरून खालपर्यंत. ती भिंतीवरच्या फोटोकडे गेली नाही. डबीकडेच पाहत राहिली.

"मग हे... असे होते तिचे?"

"असेच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "टोकाले आणखीन थोडे पिवळे. तुह्या बाबाची नजर बरोबर हाय."

"आता कुरिअरवाला येणार नाई ना हे न्यायले?"

"नाई येत."

"मी नेऊ? नागपूरले?"

"ने ना बाई. तुह्यीच हाय."

रक्षानं डबी ओढणीत धरली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. आतून जो आवाज आला तो ऐकून सुलोचनाबाई दोन पावलं तिकडे गेल्या, पण परत आल्या. आज ती रडत होती ती पहिल्या मायसाठी, आणि तिथे ह्यांचं काम नव्हतं.

दुकान उघडायची वेळ टळून गेली. सदाशिवराव खुर्चीतच होते. सुलोचनाबाईंनी ताट उचललं, खरकटं काढलं, जागा पुसली. पुसताना पदर खाली आला, आणि दाराकडच्या उन्हात केस दिसले. सदाशिवराव बघत होते. आता खरंच बघत होते. एखाद्या पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाच्या पदराकडे बघावं तसे, डोळे बारीक करून.

"लग्नात," ते अडखळत म्हणाले, "आपल्या लग्नात... तुह्ये असेच होते काय?"

"असेच होते."

"मले... दाखव बरं जरा इकडं वळून."

सुलोचनाबाईंनी फडकं पिळलं. वळल्या नाहीत.

"आता काय पाह्यता," त्या म्हणाल्या. "हा तं ट्यूबमधला हाय. खालून सगळे पांढरे झाले."

आणि त्या फडकं वाळत घालायला परसात गेल्या.